सबक, सबक-पारा, मंजिल : भाषण पाठ करण्याची हाफिजांची रीत

गेल्या वर्षी 3 जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेत, माझ्या वर्गातली एक मुलगी तिसऱ्या परिच्छेदावरून थेट सहाव्यावर गेली. तिथे ती थांबली आणि पुढचे काहीच आठवेना. डोळे भरून आले, तशीच ती खाली उतरली. पाठांतर तर भरपूर केले होते. रोज दहा वेळा पूर्ण भाषण वाचायची. मग चुकले कुठे?

उत्तर मला मिरजेत सापडले. माझा भाचा तिथल्या एका मदरशात हिफ्ज करतो. त्याच्या कुरआन शरीफच्या प्रतीत पानाला पंधरा ओळी आणि एका पाऱ्याची साधारण वीस पाने. ही पाने तो कधीच सलग वाचून पाठ करत नाही. त्याचा दिवस तीन भागांत असतो. आजचा नवा धडा तो सबक. गेल्या काही दिवसांत पाठ झालेला भाग तो सबक-पारा. त्याहून जुने सगळे ती मंजिल, जी थोडी थोडी रोज फिरत राहते. नवा धडा कितीही छान झाला, तरी मंजिल कच्ची असेल तर उस्ताद पुढचा सबक देत नाहीत.

यंदा त्या मुलीसाठी आम्ही हीच रीत घेतली. भाषण साधारण 480 शब्दांचे, म्हणजे पाच मिनिटांचे. त्याचे साठ-साठ शब्दांचे आठ तुकडे केले, पण प्रत्येक तुकडा वाक्य संपेल तिथेच तोडला. रोज एक नवा तुकडा. पाचव्या दिवशी तिचा सबक पाचवा तुकडा, सबक-पारा तिसरा-चौथा आणि मंजिल पहिला-दुसरा. आठ दिवसांत भाषण झाले, पुढचे चार दिवस फक्त मंजिल.

नवा तुकडा आधी पाहून पाच वेळा मोठ्याने, मग वही मिटून. अडले तर लगेच वही उघडायची नाही. दोन-तीन श्वास थांबून आठवायचे, मगच पाहायचे. खरे पाठांतर याच थांबण्यात होते. नुसते वाचत राहिले की शब्द ओळखीचे वाटतात आणि आपल्याला पाठ झाल्याचा भास होतो. गेल्या वर्षी हेच झाले होते.

पुढची पायरी गाळलेल्या जागांची. तुकडा वहीत तीन वेळा लिहायचा. पहिल्यांदा पूर्ण. दुसऱ्यांदा काही शब्द गाळून :

नायगावच्या त्या ____ पुढे साऱ्या महाराष्ट्रातील मुलींसाठी शाळेचा ____ उघडला.

तिसऱ्यांदा प्रत्येक शब्दाचे फक्त पहिले अक्षर :

ना त्या मु पु सा म मु शा द उ.

या अक्षरांवरून वाक्य न अडखळता आले, तर वही बाजूला ठेवायची. आधी नामे गाळावीत, नंतर ‘पण’, ‘म्हणून’ असे जोडशब्द. शब्दशः म्हणताना हेच छोटे शब्द जास्त निसटतात. मातृभाषेत आणखी एक धोका असतो. अर्थ माहीत असल्याने ‘शाळा सुरू केली’ऐवजी ‘शाळा काढली’ असे तोंडात येते आणि बोलणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून ऐकणाऱ्याच्या हातात वही हवीच.

आता तिच्या त्या उडीविषयी. तिसरा आणि सहावा, दोन्ही परिच्छेद ‘त्या काळी’ या शब्दांनी सुरू होत होते. हाफिजांना ही अडचण चांगली ठाऊक आहे. एकमेकींशी मिळत्याजुळत्या आयतींना ते मुतशाबिहात म्हणतात. सारख्या शब्दांवरून वाचणारा नकळत दुसऱ्या सूरहमध्ये जातो. उपाय सोपा आहे. दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी लिहायची आणि जिथून ती वेगळी होतात, तो शब्द अधोरेखित करायचा. तसेच एका तुकड्याची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ रोज जोडून म्हणायची. भाषण बहुधा तुकड्याच्या पोटात नाही, अशा सांध्यावरच तुटते.

घरी ऐकायला तिची अम्मी बसायची. तरावीहमध्ये इमाम अडले की मागचा हाफिज लुकमा देतो, तसे फक्त पुढचे शब्द सांगायचे, अख्खे वाक्य नाही. जिथे लुकमा द्यावा लागला, तिथे पेन्सिलीची खूण. एकाच जागी दोन खुणा झाल्या की तो तुकडा पुन्हा सबकमध्ये. शेवटच्या चार दिवसांत परीक्षा मदरशासारखी : मधलीच एक ओळ आम्ही म्हणायची आणि तिथून तिने पुढे जायचे. सुरुवातीपासूनच म्हणता येणारे भाषण एकदा तुटले की पुन्हा जुळत नाही.

यंदाही ती पाचव्या तुकड्यात अडली. दोन श्वास थांबली, सहाव्याचा पहिला शब्द आठवला आणि तिथून पुढे शेवटपर्यंत गेली. पाचव्यातली दोन वाक्ये राहिली. वहीत पाहिले, तर त्याच जागी पेन्सिलीची एक खूण होती. दुसरी खूण झाली नाही म्हणून आम्ही ती जागा सोडून दिली होती. आता आम्ही एका खुणेलाच सबक पुन्हा घेतो.