वळणावर जीप उड्या का मारते? वर्तुळाच्या परिघाचा एक धडा



पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या अहमदपूर भागातली काळी माती तुम्हाला माहीतच आहे. दोन सरी पडल्या की शेतरस्त्यावर चाक रुतलंच समजा. आमचे एक पालक फोर-व्हील ड्राइव्ह जीप घेऊन शेतातून थेट मुलीला न्यायला शाळेत आले. गेटसमोरच्या डांबरी रस्त्यावर त्यांनी गाडी पूर्ण वळवली आणि गाडी अडखळायला लागली. कुणीतरी ब्रेक दाबून धरल्यासारखी ती थांबत होती, टायर चिरकत होते, आणि मधेच गाडी ठक्‌कन उडी मारत होती. त्यांना एकाने सांगितलं होतं, "गिअरबॉक्स गेला, खोलावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून ते घाबरले होते.

गिअरबॉक्स गेला नव्हता. गाडी चिखलातून बाहेर आली होती, पण लिव्हर 'फोर-एच'वरच राहिला होता. हे का घडतं, ते सातवी-आठवीच्या मुलांना परिघाच्या सूत्राने समजावता येतं.

आधी सायकलवरून पाहू

मैदानात थोडं पाणी टाकून ओल्या चाकांची सायकल गोल फिरवा आणि चाकांचे ठसे मुलांना दाखवा. पुढच्या चाकाची रेघ बाहेरून जाते, मागच्या चाकाची आतून. म्हणजे वळणावर पुढचं चाक जास्त अंतर कापतं. सायकलीला याचा त्रास होत नाही, कारण पुढचं चाक मोकळं असतं.

आता जीप घेऊ. २०२० साली आलेल्या नव्या थारचं पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.४५ मीटर आहे. समजा वळताना मागच्या ॲक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतोय. पायथागोरसचं प्रमेय लावा :

पुढची त्रिज्या = √(५² + २.४५²) ≈ ५.५७ मीटर

पाव वर्तुळ वळताना मागचा ॲक्सल सुमारे ७.८५ मीटर जातो आणि पुढचा सुमारे ८.७५ मीटर. फरक ९० सेंटिमीटरचा. चाकाचा परिघ साधारण २.४३ मीटर धरला, तर त्या एका वळणात पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा एक तृतीयांश फेरीहून जास्त फिरावं लागतं.

ट्रान्सफर केस काय करते?

एकाच ॲक्सलवरच्या डाव्या-उजव्या चाकांमधला फरक डिफरन्शियल सांभाळतं. वळताना ते बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्याला कमी फिरू देतं. बैलगाडीत ही अडचण येत नाही, कारण तिची दोन्ही चाकं आसावर आपापली फिरतात.

पण पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधला फरक कोण सांभाळणार? गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. 'टू-एच'मध्ये इंजिनची ताकद फक्त मागच्या ॲक्सलला जाते आणि पुढची चाकं सायकलसारखी मोकळी असतात. 'फोर-एच' लावलं की ही पेटी पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडते. मग दोन्ही शाफ्ट तितक्याच फेऱ्या घेणार, कमी नाही, जास्त नाही. 'फोर-एल'मध्येही जोड तशीच असते, फक्त वेग कमी आणि जोर जास्त.

इथेच गणित अडतं. रस्ता म्हणतो, पुढच्या चाकांनी जास्त फिरावं. ट्रान्सफर केस म्हणते, सारखंच फिरा. चिखलात टायर थोडा घसरतो आणि हा हिशेब चुकता होतो. कोरड्या डांबरावर टायर घट्ट धरून राहतो, त्यामुळे फरक शाफ्टमध्ये पीळ बनून साठतो. ओला कपडा दोन्ही टोकांनी पिळावा तसा. पीळ टायरच्या पकडीपेक्षा जास्त झाला की एखादं चाक एकदम घसरतं, पीळ सुटतो आणि गाडी उडी मारते. मग परत पीळ, परत उडी.

सरळ रस्त्यावरही ताण? मग टायर बघा

त्या पालकांना आम्ही लिव्हर 'टू-एच'वर घ्यायला सांगितलं, पण तो हलेना. पीळ भरलेला असला की आतले दाते एकमेकांत दाबून बसतात. स्टिअरिंग सरळ करून गाडी काही मीटर सरळ मागे घेतली, तेव्हा पीळ उतरला आणि लिव्हर सुटला. जोर लावून ओढायचा नाही, त्याने दाते खराब होतात.

पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली : "सर, सरळ डांबरावर गेलो तरी हा लिव्हर असाच अडकतो." हे वळणाचं काम नव्हतं. टायर पाहिले तर पुढचे दोन कोरे, मागचे दोन झिजलेले. चारही टायरांवर आकडा मात्र एकच, २४५/७५ आर १६.

हा आकडा मुलांना वाचायला शिकवा. टायरची रुंदी २४५ मिलिमीटर, तिच्या ७५ टक्के उंची म्हणजे सुमारे १८४ मिलिमीटर, आणि रिम १६ इंचांची. व्यास = ४०६.४ + १८३.७५ + १८३.७५ ≈ ७७४ मिलिमीटर. परिघ सुमारे २.४३ मीटर.

नक्षी ७ मिलिमीटर झिजली, तर त्रिज्या ७ मिलिमीटरने घटते आणि परिघ २ × ३.१४ × ७ म्हणजे सुमारे ४४ मिलिमीटरने. एका किलोमीटरला कोरा टायर सुमारे ४११ फेऱ्या घेतो आणि झिजलेला ४१९. पक्क्या जोडलेल्या शाफ्टमध्ये या जवळपास ८ फेऱ्यांना जागाच नाही. त्या टायर घासून नाहीतर पीळ होऊन निघतात. (वजनाने टायर थोडा दबतो, म्हणून प्रत्यक्ष आकडे किंचित वेगळे येतील, पण तुलना तीच राहते.)

तपासायचं कसं?

चारही टायरमध्ये सांगितलेली हवा भरा. सपाट मोकळ्या जागेत लिव्हर 'टू-एच'वर ठेवा. एका बाजूच्या पुढच्या आणि मागच्या टायरला जमिनीजवळ खडूची खूण करा. गाडी अगदी सरळ रेषेत सावकाश पुढे न्या आणि पुढच्या चाकाच्या बरोबर १० फेऱ्या मोजून थांबा. मागची खूणही जमिनीजवळ आली तर टायर जुळतात. आमच्या हिशेबाप्रमाणे मागची खूण सुमारे ६५ अंश पुढे जायला हवी होती. ती घड्याळातल्या दोन तासांच्या अंतराइतकी पुढे गेली, म्हणजे साधारण ६० अंश! दुसऱ्या बाजूलाही हेच करून पाहा.

फोर-व्हील ड्राइव्ह वापरायचं असेल तर दोनच टायर बदलून भागत नाही. चारही एकाच मापाचे, एकाच मेकचे आणि सारखे झिजलेले हवेत. त्यासाठी ठरावीक अंतराने पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावत राहायचं.

एक मर्यादा सांगतो. काही गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्येही डिफरन्शियल असतं. त्या चारही चाकांच्या ताकदीवर डांबरावर बिनधास्त वळतात, पण ते लॉक केलं की त्यांचीही हीच गत होते. आपली गाडी कोणत्या प्रकारची, ते तिच्या पुस्तकात पाहावं.

त्या पालकांनी नंतर मागचे दोन टायर बदलले. गिअरबॉक्स खोलावा लागला नाही. आता शेतरस्ता संपून डांबर लागलं की लिव्हर 'टू-एच'वर घ्यायची आठवण त्यांची मुलगीच करून देते.