मोजक्या माणसांचे लग्न आणि नातेवाइकांना पत्र

मराठी लग्नात नातेवाईक नुसता पाहुणा नसतो. अंतरपाटाच्या वेळी मुलीच्या पाठीशी मामा उभा असतो, करवली मिरवते, कानपिळीचा मान मुलीच्या भावाचा असतो. छापील पत्रिकेत तर काका-काकू, आत्या आणि त्यांचे यजमान हे सगळे ‘आपले विनीत’ म्हणून निमंत्रकांच्या बाजूला बसतात. त्यामुळे लग्न चाळीस माणसांत करायचे ठरले, की वगळलेल्या माणसाला ‘मला जेवायला बोलावले नाही’ एवढेच वाटत नाही. आपल्या घरचे कार्य आणि त्यात आपण नाही, हे त्याला लागते. अशा वेळी घरातून जाणाऱ्या पत्राने यादी छोटी का, याचा खुलासा तर करायचाच, पण नाते जिथल्या तिथे आहे हेही दाखवायचे असते. दुसरे काम अवघड आहे आणि बहुतेक पत्रे तिथेच फसतात.

पत्र लिहिण्याआधी यादीला एक नियम लागतो. समजा, पुण्यात नोंदणी पद्धतीने लग्न आहे आणि दोन्ही घरांना वीस-वीस माणसे ठरली आहेत. मुलीकडचे आई-वडील, आजी आणि धाकटा भाऊ मिळून चार झाले. वडिलांची तीन भावंडे जोडीने आली की सहा, आईची दोन भावंडे जोडीने आली की चार, म्हणजे चौदा. उरलेल्या सहा जागा मुलीच्या मित्रमैत्रिणींच्या. चुलत, आते, मामे, मावस भावंडे अकरा असली, तर ती या हिशेबात बसतच नाहीत. मग रेघ इथेच ओढावी लागते: आजी आणि आई-वडिलांची सख्खी भावंडे, पुढे कोणी नाही. आई-वडिलांची स्वतःची चुलत-मावस भावंडेही अर्थातच रेघेबाहेर राहतात. हा नियम एका वाक्यात सांगता येतो आणि ऐकणाऱ्याला तो पडताळूनही पाहता येतो, म्हणूनच तो टिकतो.

तो मोडतो अपवादाने. लहानपणी एकत्र वाढलेली एखादी मावसबहीण मैत्रिणींच्या सहा जागांत बसवावी, असा मोह हमखास होतो. पण फोटोत ती दिसली, की बाकीच्या दहा घरांत एकच प्रश्न निघतो: ‘तिला बोलावले, मग आमच्या पोरांनी काय केले होते?’ त्यानंतर कितीही सुंदर पत्र उपयोगी पडत नाही. लहान यादीने माणसे जेवढी दुखावत नाहीत, तेवढी वाकड्या रेघेने दुखावतात.

पत्र कधी जावे, यालाही महत्त्व आहे. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे असेल, तर विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते आणि तिची तीस दिवसांची मुदत संपल्यावर, पण नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावता येते. नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते, म्हणजे बातमी घराबाहेर पडलेलीच असते. तेव्हा ज्या आठवड्यात नोटीस दिली, त्याच आठवड्यात पत्रे निघावीत. दुसरे कारण केळवणाचे. लग्न ठरल्याचे कळताच जवळची माणसे नवऱ्या मुलीला केळवणाला बोलावतात, गोडधोड करतात, हातात काही ठेवतात. केळवण जेवून झाल्यावर त्याच घरी ‘आपल्याला बोलावता येत नाही’ असे पत्र पोचले, तर तो घाव फार खोल जातो. पत्र आधी पोचले आणि तरीही केळवणाचे बोलावणे आले, तर मात्र आनंदाने जावे.

पत्र मुलाने-मुलीने लिहावे की आई-वडिलांनी? ज्या पिढीचे नाते, त्या पिढीने. वडिलांच्या चुलतभावाला वडिलांनी लिहावे आणि खाली मुलीने स्वतःच्या हाताने दोन ओळी घालाव्यात. ज्येष्ठांना आधी फोन करावा, मग पत्र धाडावे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एकच मजकूर टाकणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण तिथे बोलावलेले आणि न बोलावलेले एकाच वेळी एकमेकांसमोर तो वाचतात.

वरच्याच उदाहरणातले, सांगलीच्या थोरल्या चुलतभावाला जाणारे पत्र असे असू शकते:

‘ती. स्व. दादांस, साष्टांग नमस्कार. मुलीचे लग्न १६ जानेवारीला पुण्यात नोंदणी पद्धतीने होत आहे. दोन्ही घरची मिळून चाळीस माणसे असावीत असे दोघांनी ठरवले आणि आम्हा दोन्हीकडच्या आई-वडिलांना ते मान्य आहे. आमच्याकडून आई आणि आम्हा दोघांची सख्खी भावंडे येत आहेत. चुलत, आते, मामे, मावस नात्यांतल्या कोणालाच बोलावलेले नाही. त्या दिवशी आपण आणि वहिनी तिथे नसणार याची रुखरुख आहे. ८ फेब्रुवारीला दोघांना घेऊन आम्ही सांगलीला येतो. आपल्या पाया पडून, वहिनींच्या हातचे जेवून संध्याकाळी निघू. ही तारीख सोयीची नसेल तर कळवावे, आपण म्हणाल त्या दिवशी येऊ.’

यात खर्चाचे किंवा जागेचे कारण नाही, हे मुद्दाम. ‘हॉल लहान आहे’ म्हटले, की मोठा हॉल सुचवणारा फोन येतो. ‘खर्च टाळायचा आहे’ म्हटले, की कोणी मदत देऊ करतो किंवा पुढे दागिन्यांकडे बोट दाखवतो. २०२१च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात कोरोनाच्या निर्बंधांमुळे लग्नाला पंचवीस माणसांचीच मुभा होती, तेव्हा कारण सरकारने दिलेले होते आणि कोणी वाद घातला नाही. स्वतःच्या इच्छेने लहान केलेल्या लग्नाला तसा आडोसा नाही. म्हणून ‘असे ठरवले आहे’ हेच सरळ सांगावे, आणि निर्णयामागे आई-वडीलही उभे आहेत हे दाखवावे. नाहीतर सगळा राग नव्या सुनेवर किंवा जावयावर जातो. ‘आपण समजून घ्यालच’ हे वाक्यही टाळलेले बरे. वाचणाऱ्याला ते हुकमासारखे वाटते, आणि न समजून घेण्याची मुभा त्याला असायलाच हवी.

पत्रातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे शेवटची तारीख. ‘पुढे सगळ्यांना नक्की बोलावू’ हे आश्वासन कोणी खरे मानत नाही. तारीख घातली, की ते बोलावणे होते. मग ते भेटीचे असो, गावच्या सत्यनारायणाचे असो वा दोन महिन्यांनी ठेवलेल्या जेवणाचे. असे जेवण असेल, तर त्याचे आमंत्रण पत्रातच द्यावे आणि आहेर घेणार नाही हेही लिहावे. लग्नाला बोलावणे नाही पण आहेराची अपेक्षा आहे, अशी शंकासुद्धा येऊ देऊ नये. जिथे जेवण ठेवलेले नाही, तिथे आहेराचा उल्लेखच नको.

निमंत्रितांसाठी छापील पत्रिका काढायचा बेत असेल, तर तो सोडावा किंवा खाली फक्त दोन्हीकडच्या आई-वडिलांची नावे घालावीत. ‘समस्त परिवार’ छापून परिवाराला न बोलावणे ही विसंगती पत्रिका हाती पडलेल्या प्रत्येकाच्या लक्षात येते.

पत्र पोचल्यावर एखादा रागाचा फोन येतोच. तो आई-वडिलांनी घ्यावा, पूर्ण ऐकून घ्यावा आणि यादीत बदल करू नये; रागावलेल्याला जागा मिळाली ही बातमी न रागावलेल्यांपर्यंत दोन दिवसांत पोचते. लग्नाच्या संध्याकाळी पहिले फोटो घरातूनच, पत्र गेलेल्या प्रत्येक घरी वेगवेगळे पाठवावेत, म्हणजे ते दुसऱ्या कोणाच्या स्टेटसवर आधी दिसणार नाहीत. आणि ८ फेब्रुवारी लिहिली असेल, तर त्या दिवशी सांगली गाठायची. ती भेट पुढे ढकलली गेली, तर पत्रातला प्रत्येक शब्द खोटा पडतो.