अँजिओप्लास्टी झालेल्यांना जेपंट चालेल का?

रोज घ्यायच्या ॲटोजेपंटबद्दल या भागात लिहायचं ठरलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. गेल्या भागानंतर एका वाचकांनी विचारलं आहे की, आईचं वय ५८, अँजिओप्लास्टी झालेली, त्यामुळे अर्धशिशीसाठी वर्षानुवर्षं चालू असलेलं सुमाट्रिप्टान डॉक्टरांनी बंद केलं. मग त्याऐवजी जेपंटची गोळी द्यायला हरकत नाही ना? हा प्रश्न बऱ्याच घरांत उभा असणार, म्हणून आजचा भाग त्यालाच देतो.

सुमाट्रिप्टान का बंद झालं, इथून सुरुवात करू. ट्रिप्टान गटातली औषधं सेरोटोनिनच्या मुख्यतः दोन ग्राहींना चालना देतात. त्यातल्या १डी ग्राहीमुळे चेतातंतूंच्या टोकांतून सीजीआरपी सुटणं कमी होतं, तर १बी ग्राहीमुळे रक्तवाहिन्या आकसतात. अडचण अशी की १बी ग्राही डोक्यापुरते नसतात, हृदयाच्या धमन्यांतही असतात. निरोगी धमनी थोडी आकसली तर बहुधा काही बिघडत नाही. आधीच अरुंद झालेली आकसली तर हृदयाला रक्त कमी पडू शकतं. म्हणून हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ट्रिप्टान वर्ज्य. जेपंट मात्र सीजीआरपी ज्या ग्राहीला जाऊन चिकटतं ती जागाच अडवून ठेवतात आणि वाहिनीला आकसवत नाहीत. लास्मिडिटानही आकसवत नाही, कारण ते १एफ या वेगळ्या ग्राहीवर काम करतं. पण त्याने गुंगी येते आणि गोळीनंतर आठ तास गाडी चालवायची नसते.

मग सगळ्यांनाच सरसकट जेपंट का देऊ नये, असं कोणी म्हणेल. त्याचं उत्तर चाचण्यांच्या आकड्यांत आहे. रिमेजेपंटच्या विरघळणाऱ्या गोळीच्या २०१९च्या मोठ्या चाचणीत दोन तासांनी वेदना पूर्ण थांबली ती शंभरांतल्या सुमारे २१ जणांची, आणि नुसती बनावट गोळी घेतलेल्या शंभरांतल्या सुमारे ११ जणांची. फरक खरा आहे, पण फार मोठा नाही. २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने शंभरावर चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण छापलं, त्यात इलेट्रिप्टान, रिझाट्रिप्टान, सुमाट्रिप्टान आणि झोल्मिट्रिप्टान ही चार औषधं जेपंट आणि लास्मिडिटानपेक्षा सरस ठरली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही साध्या वेदनाशामकांनी भागत नसेल आणि किमान दोन ट्रिप्टान लागू पडले नसतील, सोसले नसतील किंवा चालतच नसतील, तरच रिमेजेपंटची शिफारस केली आहे. माझंही मत तेच आहे. ज्याला ट्रिप्टान चालतं आणि लागू पडतं, त्याने नव्या औषधाच्या मागे लागण्याचं कारण नाही.

वाचकांच्या आईंना मात्र ते चालत नाही, म्हणजे जेपंटचा विचार करायला त्या अगदी योग्य रुग्ण आहेत. तरीही माझं उत्तर अर्धंच होकारार्थी आहे. औषध धमनी आकसवत नाही, एवढ्यावरून ते आजारी हृदयाला निर्धोक ठरत नाही. सीजीआरपी स्वतः रक्तवाहिन्या रुंदावणारं द्रव्य आहे. कुठे रक्त कमी पडू लागलं तर वाट मोकळी करण्यात त्याचा वाटा असावा. ते अडवल्यावर काय होतं हे उंदरांत पाहिलं गेलं, तेव्हा मेंदूचा रक्तपुरवठा तोडलेल्या उंदरांत जेपंटमुळे इजा वाढलेली दिसली. माणसांत असं घडल्याचा पुरावा नाही, पण नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांना मूळ चाचण्यांतून वगळलेलंच होतं. म्हणून झटका किंवा पक्षाघात ताजा असेल तर थांबावं. स्टेंट जुना असेल, प्रकृती स्थिर असेल आणि हृदयतज्ज्ञांची संमती असेल, तर जेपंट वापरून पाहणं मला रास्त वाटतं. रक्तदाबावर लक्ष हवंच, कारण या गटातल्या औषधांनी तो वाढल्याच्या नोंदी आहेत.

आता आईंच्या रोजच्या गोळ्या पाहायला हव्यात. रिमेजेपंटची मात्रा ७५ मिलिग्रॅम, गोळी जिभेवर विरघळते, आणि २४ तासांत एकच घ्यायची. यकृतातलं जे एन्झाइम ती मोडतं, तेच हृदयरोग्यांना दिलं जाणारं डिल्टियाझेम मंदावतं. त्यामुळे रिमेजेपंट रक्तात जास्त राहतं, आणि अशा वेळी पुढची गोळी ४८ तासांच्या आत घेऊ नये असं औषधाच्या माहितीपत्रकात आहे. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा इट्राकोनाझोल चालू असेल तर रिमेजेपंट टाळायचंच. क्षयावरच्या रिफाम्पिसिनने उलट होतं: औषध इतक्या वेगाने मोडतं की गोळीचा गुण येत नाही. रुग्णाला वाटतं, जेपंट आपल्याला लागू नाही. यकृताचा आजार फार वाढलेला असेल तर हे औषध द्यायचं नाही, आणि गरोदरपणातल्या वापराची माहिती अजून तुटपुंजी असल्याने तिथेही नको. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना आईंच्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्या. नुसत्या आठवणीने सांगताना नेमकं डिल्टियाझेम राहून जातं.