शपथेवर सांगायचे ते एवढेच

ओळखीच्या माणसाला हातउसने दिलेले पैसे परत मिळेनात, म्हणून एका बाईंनी दावा लावला, असे धरू. साक्षीची वेळ आल्यावर त्या वहीत लिहून आणतात: "प्रतिवादी पहिल्यापासूनच लबाड वृत्तीचा असून त्याने माझ्या भोळेपणाचा गैरफायदा घेऊन मला फसवले. वारंवार मागणी करूनही तो टाळाटाळ करतो. शेजारी सांगतात, त्याने नवी गाडीही घेतली." मजकूर मनापासून लिहिलेला आहे, पण शपथपत्रात यातले जवळजवळ काहीच टिकत नाही.

दिवाणी दाव्यात पूर्वी साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहायचा आणि त्याचा वकील प्रश्न विचारून सरतपास घ्यायचा. 2002 साली दिवाणी प्रक्रिया संहितेत बदल झाला आणि हा सरतपास शपथपत्रावर आला. म्हणजे हा कागद अर्ज नव्हे की निबंध नव्हे, ती साक्षच आहे. म्हणून तो "मी" म्हणून लिहायचा. उलटतपास मात्र तोंडीच होतो. समोरचा वकील हेच शपथपत्र हातात घेऊन उभा असतो आणि त्याचा आवडता प्रश्न असतो, "हे तुम्हाला कसे माहीत?"

या प्रश्नाची चाळणी बाईंच्या मजकुराला लावून पाहा. "लबाड" हे मत झाले, ते गळते. फसवण्याचा हेतू त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नाही. तो सिद्ध होतो का, हे वकिलाने शेवटी युक्तिवादात मांडायचे. गाडीची बातमी ऐकीव. तिचा दाव्याशी खरेच संबंध असेल, तर ज्याला ती स्वतःला माहीत आहे त्यालाच साक्षीला आणावे. "वारंवार मागणी" दिसायला निरुपद्रवी, पण सर्वांत धोक्याची. कधी, किती वेळा, कुठे, हे विचारताच साक्षीदार चाचपडू लागतो आणि मग त्याच्या खऱ्या गोष्टीही डळमळीत वाटू लागतात.

चाळून उरलेले असे दिसेल:

3. दि. 02/03/2023 रोजी प्रतिवादी माझ्या घरी आला. त्याने माझ्याकडे रु. 1,50,000/- उसने मागितले व "सहा महिन्यांत परत करतो" असे मला सांगितले. त्या वेळी माझी बहीण हजर होती.

4. दि. 04/03/2023 रोजी मी माझ्या बँक खात्यातून वरील रक्कम प्रतिवादीच्या खात्यात पाठवली. माझा खातेउतारा दाखल केला आहे.

5. दि. 10/11/2023 रोजी प्रतिवादीने माझ्या खात्यात रु. 20,000/- जमा केले. त्यानंतर मला त्याच्याकडून कोणतीही रक्कम मिळालेली नाही.

तिसऱ्या परिच्छेदात दुसऱ्याचे बोलणे आहे, तरी ते ऐकीव ठरत नाही. खुद्द प्रतिवादी बोलला आणि बाईंनी ते स्वतः ऐकले. आणि पाचवा नीट वाचा. त्यात एकही विशेषण नाही, पण उसने घेतलेच नव्हते असे म्हणणाऱ्याने वीस हजार कशाचे दिले, हा प्रश्न न्यायाधीशांच्या मनात आपोआप येतो. तो आपण लिहिला, तर तो युक्तिवाद होतो.

संहितेच्या आदेश 19, नियम 3 प्रमाणे शपथपत्रात स्वतःच्या माहितीने सिद्ध करता येईल एवढेच यावे. अंतरिम अर्जात समजूतही चालते, पण तिचा आधार सांगावा लागतो. ऐकीव आणि वादाचा मजकूर विनाकारण भरला, तर त्या शपथपत्राचा खर्च दाखल करणाऱ्यावर पडू शकतो. व्यापारी दाव्यांसाठी 2015 पासून याहून स्पष्ट नियम आहेत: घटना तारखेच्या क्रमाने, परिच्छेदांना क्रमांक, शक्यतो एका परिच्छेदात एकच मुद्दा, आणि आकडे व तारखा अंकांत. इतर दाव्यांतही हे पाळायला कुणाची हरकत नसते.

क्रमांकांचा खरा उपयोग शेवटच्या सत्यापनात होतो. "परिच्छेद 1 ते 5 माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरे आहेत, परिच्छेद 6 मला अमुक कागदावरून समजले" असे वेगळे सांगता यायला हवे. प्रत्यक्षात "सर्व मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा" असा साचा सरसकट डकवला जातो. नेमके काय स्वतः पाहिले आणि काय दुसऱ्याकडून कळले, हे त्यातून समजतच नाही. असे सदोष सत्यापन सर्वोच्च न्यायालयाने 1952 पासून निकालांत दाखवून दिले आहे, तरी टंकलेखकाच्या संगणकातला साचा काही बदलत नाही.

दुसरी खोड भाषेची. "सबब, प्रतिवादीने सदरची रक्कम हेतुपुरस्सर थकविली" हे वाक्य बाई बोलतील का? उलटतपासात ठरलेला प्रश्न येतो: शपथपत्र कोणी तयार केले? वकिलांनी, असे उत्तर दिल्याने काही बिघडत नाही. पण पुढे "हेतुपुरस्सर म्हणजे काय?" असे विचारल्यावर साक्षीदार गप्प राहिला, तर बिघडते. म्हणून सही करण्याआधी मसुदा साक्षीदाराला मोठ्याने वाचून दाखवावा आणि जे वाक्य तो स्वतःच्या तोंडाने म्हणणार नाही, ते तिथेच बदलावे.