मीठ मोजताना संबंध फिका का पडतो?

रोज किती मीठ खाता, असं विचारून खरं उत्तर मिळत नाही. आमटीतलं मीठ घरातल्या सगळ्यांत वाटलं जातं, लोणचं-पापड-फरसाणातलं कुणी मोजत नाही आणि ताटात वरून घेतलेली चिमूट आठवणीत राहत नाही. म्हणून संशोधक २४ तासांची लघवी गोळा करायला सांगतात. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक वेळची लघवी डब्यात जमा करायची. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली लघवी त्याच डब्यात घेतली की काम संपलं. पोटात गेलेल्या सोडियमपैकी सुमारे ९० टक्के लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे डब्यातलं सोडियम मोजून मिठाचा अंदाज बांधता येतो.

ही पद्धत कष्टाची आहे आणि इतर पद्धतींहून चांगलीही आहे. तरी तिच्यातून कळतं ते एका दिवसाचं मीठ. रक्तदाबावर परिणाम होतो तो वर्षानुवर्षांच्या सवयीचा. आदल्या दिवशी लग्नाच्या पंगतीत बसलेला माणूस त्या डब्यापुरता ‘जास्त मीठ खाणारा’ ठरतो आणि उपवास केलेला ‘कमी खाणारा’. दोघांच्या एरवीच्या सवयी नेमक्या उलट असू शकतात.

हा फरक किती मोठा असतो, ते मॉस्कोतल्या एका प्रयोगात स्पष्ट दिसलं. मंगळावरच्या प्रवासाचा सराव म्हणून काही पुरुषांना बंदिस्त कृत्रिम यानात ठेवलं होतं, एका गटाला १०५ दिवस आणि दुसऱ्या गटाला ५२० दिवस. त्यांचा प्रत्येक घास ठरवून दिलेला होता. मीठ आधी दिवसाला १२ ग्रॅम, मग ९, मग ६ असं टप्प्याटप्प्यानं कमी केलं आणि लघवी सतत गोळा केली. पोटात किती मीठ गेलं हे इतक्या पक्केपणी माहीत असण्याची संधी संशोधकांना क्वचितच मिळते. तरीही रोजच्या लघवीतलं सोडियम वरखाली होत राहिलं, कारण शरीर मीठ काही दिवस धरून ठेवतं आणि मग सोडतं. एका दिवसाच्या डब्यावरून ३ ग्रॅमचा फरक ओळखायला गेलं, तर निम्म्या वेळा उत्तर चुकत होतं. सात डब्यांची सरासरी घेतली, की ते बहुतेक वेळा बरोबर येत होतं.

अशा मापावरून मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध शोधला तर काय होईल? समजा, २०० माणसं आहेत. त्यातली १०० खरोखर जास्त मीठ खातात आणि त्यांच्यापैकी ३० जणांना उच्च रक्तदाब आहे. उरलेली १०० कमी मीठ खातात आणि त्यांच्यापैकी १० जणांना तो आहे. खरं प्रमाण तिप्पट. आता मापाच्या चुकीमुळे दोन्ही बाजूंची २० टक्के माणसं चुकीच्या गटात गेली, आणि ही चूक आजारी-निरोगी असा भेद न करता झाली. ‘जास्त’ गटात आता खरे जास्त खाणारे ८० आहेत, त्यांत २४ आजारी, आणि चुकून आलेले २० आहेत, त्यांत २ आजारी. म्हणजे शंभरात २६. ‘कमी’ गटात खरे कमी खाणारे ८०, त्यांत ८ आजारी, आणि चुकून आलेले २०, त्यांत ६ आजारी. म्हणजे शंभरात १४. तिपटीचा संबंध दुपटीपेक्षाही कमी दिसू लागला. दोन गटांची एकमेकांत मिसळ झाली, की दोन्हींचे आकडे एकमेकांच्या जवळ येतात. ‘संबंध नाही’ या निष्कर्षाकडे निकाल ओढला जातो तो असा.

गटांऐवजी ग्रॅममध्ये हिशेब केला तरी हेच होतं, आणि तिथे घट किती होईल तेही सांगता येतं. माणसामाणसांतल्या खऱ्या सवयींचा चढउतार आणि एकाच माणसाचा दिवसादिवसाचा चढउतार सारखाच असेल, तर एका डब्यावरून दिसणारा उतार खऱ्याच्या निम्मा भरतो. दर ग्रॅम मिठामागे रक्तदाब खरोखर १ मिमी वाढत असेल, तर कागदावर अर्धा मिमी दिसतो. प्रत्येकाचे तीन डबे घेऊन सरासरी काढली, तर हाच आकडा पाऊण होतो. सात डब्यांनी तो जवळजवळ नऊ दशांशापर्यंत जातो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण बातम्यांत ती नेहमी सुटते. माणसं वाढवून ही घट भरून येत नाही. हजाराच्या जागी एक लाख माणसं घेतली, पण प्रत्येकाचा एकच डबा, तर अर्ध्या मिमीचं चुकीचं उत्तर आणखी ठामपणे मिळेल. ‘लाखभर लोकांच्या पाहणीत संबंध किरकोळ आढळला’ असं वाचलं, की मला आधी विचारावंसं वाटतं, प्रत्येकाला किती वेळा मोजलं?

१९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या पाहणीनं हा प्रश्न स्वतःलाच विचारला होता. जगभरातली ५२ केंद्रं, १०,०७९ माणसं, प्रत्येकाची २४ तासांची लघवी आणि रक्तदाब. शिवाय सुमारे आठशे जणांना पुन्हा बोलावून दुसऱ्यांदा मोजलं. दोन मापं किती जुळतात यावरून चुकीचा अंदाज येतो आणि त्यावरून दिसणारा संबंध किती फुगवून वाचायचा ते ठरतं. या दुरुस्तीची मूळ कल्पना चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ साली मांडली होती. १९९६ मध्ये इंटरसॉल्टनं आपले आकडे नव्यानं मांडले: सोडियम १०० मिलीमोलनं, म्हणजे मीठ सुमारे ६ ग्रॅमनं जास्त असेल, तर वरचा रक्तदाब सरासरी ३ ते ६ मिमीनं जास्त. आधीच्या आकड्यांपेक्षा हे ठळक होतं.

त्यावर कडाक्याचा वाद झाला. काही साथरोगतज्ज्ञांचं म्हणणं होतं की ही दुरुस्ती गृहीतकावर उभी आहे. मिठाच्या मापातली चूक आणि रक्तदाबाच्या मापातली चूक एकमेकांपासून स्वतंत्र असावी लागते. इथे दोन्ही मापं एकाच सुमारास घेतलेली होती. एखाद्या दिवशी मीठही जास्त झालं आणि त्यामुळेच रक्तदाबही चढला, तर दोन्ही चुका बरोबरीनं हलतात. अशा वेळी दिसणारा संबंध पुरेसा फिका पडलेलाच नसतो, आणि तो फिका आहे असं धरून वाढवला तर खऱ्याच्या पलीकडे जातो. हा आक्षेप मला रास्त वाटतो. दुरुस्ती करू नये असा मात्र त्याचा अर्थ नाही.

चुकीचं माप संबंध फिका करतं, हा नियम अटींवर चालतो. पहिली अट अशी की चूक आजाराशी निगडित नसावी. वरच्या २०० माणसांकडे पुन्हा जाऊ. या वेळी लघवी न मोजता नुसतं विचारलं. ज्यांना रक्तदाब आहे त्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हणून बजावलेलं आहे. त्यामुळे जास्त खाणाऱ्या ३० आजाऱ्यांपैकी १५ जण ‘कमीच खातो’ म्हणाले. बाकी सगळ्यांनी खरं सांगितलं. आता ‘जास्त’ गटात ८५ माणसं आणि १५ आजारी, म्हणजे १८ टक्क्यांच्या आसपास. ‘कमी’ गटात ११५ माणसं आणि २५ आजारी, म्हणजे जवळपास २२ टक्के. केवळ १५ जणांच्या उत्तरांनी निकाल उलटला आणि मीठ कमी खाणारेच जास्त आजारी दिसू लागले. अशा माहितीला ‘चूक असली तरी खरा संबंध याहून मोठाच असणार’ असं म्हणून पुढे जाता येत नाही.

दुसरी अडचण जास्त सूक्ष्म आहे. २०१४ साली ‘प्युअर’ या १७ देशांतल्या पाहणीनं एक लाखाहून अधिक लोकांच्या सकाळच्या एकाच लघवीच्या नमुन्यावरून दिवसाचं सोडियम काढलं. त्यासाठी कावासाकी सूत्र वापरलं, ज्यात वय, लिंग, उंची आणि वजनही घालावं लागतं. निकाल वळणदार आला: सोडियम खूप जास्त असेल तर धोका, आणि खूप कमी असेल तरीही धोका. कमी मीठही घातक, अशी चर्चा जगभर झाली.

२०१८ मध्ये दुसऱ्या गटानं त्याची तपासणी केली. अमेरिकेतल्या रक्तदाब प्रतिबंधाच्या जुन्या चाचण्यांत २,९७४ जणांच्या २४ तासांच्या लघवीचे अनेक डबे काही वर्षांत घेतलेले होते आणि पुढे सुमारे २४ वर्षं त्यांच्यातल्या मृत्यूंची नोंद ठेवली होती. मोजलेल्या सोडियमची सरासरी घेतली, तर सोडियम कमी तसा मृत्यूचा धोका कमी, अशी सरळ रेघ आली. त्याच लोकांच्या लघवीतली सोडियमची सांद्रता कावासाकी सूत्रात घातली, तर रेघ वाकली आणि कमी मिठाकडचं टोक वर उचललं गेलं. माणसं तीच, मृत्यू तेच, फक्त माप बदललं. हे सूत्र कमी खाणाऱ्यांचा आकडा वाढवून सांगतं आणि जास्त खाणाऱ्यांचा घटवून. त्यात वय आणि वजन असल्यामुळे त्याची चूक थेट मृत्यूच्या शक्यतेशी जोडली जाते. अशी चूक संबंधाचा आकारच बदलते. प्युअरच्या संशोधकांना हा अर्थ मान्य नव्हता आणि वाद अजून मिटलेला नाही, पण त्या सरळ रेघेला बगल देणं मला अवघड वाटतं.

माणसागणिक मीठ मोजण्याची गरजच टाळायची असेल, तर एक मार्ग आहे. चीनमधल्या ६०० गावांत चिठ्ठी टाकावी तशी विभागणी करून अर्ध्या गावांना नेहमीचं मीठ ठेवलं आणि अर्ध्यांना तीन चतुर्थांश मीठ व एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेलं मिश्रण दिलं. सुमारे २१ हजार माणसं, बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला. २०२१ मध्ये निकाल आला: मिश्रण वापरणाऱ्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. इथे कुणी किती मीठ खाल्लं यावरून गट पडले नव्हते, गाव कुठल्या बाजूला पडलं यावर पडले होते आणि ते नोंदवताना चूक होत नाही. लघवी काही जणांचीच तपासली आणि तीही गटांची सरासरी पाहण्यापुरती. त्या सरासरीत सोडियम घटलं होतं आणि पोटॅशियम वाढलं होतं, त्यामुळे १४ टक्क्यांतलं श्रेय दोघांत कसं वाटायचं, हे या चाचणीतून वेगळं काढता येत नाही.