तीन दिवस फुकट, पण का?

जूनच्या सुमारास सोसायटीच्या गेटावर पाटी लागते: ‘योगवर्गाची नवी बॅच, सकाळी ६ ते ७, संध्याकाळी ६.३० ते ७.३०. पहिले तीन दिवस मोफत.’

सकाळची बॅच सोपी, कारण पोट रिकामंच असतं. संध्याकाळची खरी अडचण साडेचारचा वडापाव. पोटभर जेवणानंतर तीन-चार तास आणि हलक्या खाण्यानंतर दीड-दोन तास सोडावेत, नाहीतर पवनमुक्तासनातच मळमळ सुरू होते. म्हणून ‘चार वाजल्यानंतर चहावरच भागवा’ ही ओळ पाटीवर हवी. ती बहुधा नसते.

आता मोफत दिवस. एका दिवसाची चाचणी फसवी असते. पहिल्या दिवशी शवासन करून माणूस खुशीत घरी जातो. मांड्या आणि पोटऱ्या खऱ्या बोलू लागतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कारण न सवयीच्या व्यायामाचं दुखणं चोवीस ते अट्ठेचाळीस तासांत चढतं. असं सौम्य, दोन्ही बाजूंचं दुखणं चालतं. पण कळ एकाच सांध्यात असेल, तर आसन थांबवावं. तिसऱ्या दिवशी शिक्षक ‘कुठे दुखतंय?’ असं विचारतात का, ते पाहा आणि मगच फी भरा. रक्तदाब किंवा कमरेचा त्रास असेल, तर पहिल्याच दिवशी सांगा.