वरचा नफा विकून टाकला तर

‘निफ्टी वर जाणार म्हणून कॉल घेतला, निफ्टी वर गेलाही, आणि तरी माझे पैसे गेले. हे कसं?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. आज त्याचं उत्तर पाहू, आणि त्यावर बाजारातली मंडळी जो एक तोडगा काढतात, ज्याला ‘बुल कॉल स्प्रेड’ म्हणतात, त्याचा हिशोबही मांडू.

समजा, निफ्टी आज २५,००० वर आहे. महिनाअखेरीला संपणारा २५,००० चा कॉल तुम्ही ३०० रुपये प्रीमियम देऊन घेतलात. (आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत आणि एकेका नगाचे आहेत. प्रत्यक्षात लॉटमध्ये जेवढे नग, तेवढ्याने गुणायचं.) मुदतीच्या दिवशी निफ्टी २५,२०० वर बंद झाला, तर कॉलचे २०० रुपये हाती येतात. पण दिले होते ३००! म्हणजे अंदाज बरोबर आणि खिशाला १०० रुपयांची चाट. ना नफा ना तोटा व्हायला निफ्टी २५,३०० वर जायला हवा. निफ्टी २५,००० च्या वर सरकलाच नाही, तर पूर्ण ३०० बुडतात. त्याहून जास्त मात्र कधीच बुडत नाहीत, आणि वर नफ्याला मर्यादा नाही.

आता त्याच वेळी तुम्ही २५,४०० चा, त्याच मुदतीचा कॉल विकलात आणि त्याचे १३० रुपये मिळाले. हाच तो स्प्रेड. खिशातून गेले ३०० वजा १३०, म्हणजे १७०. हाच जास्तीत जास्त तोटा. ना नफा ना तोट्याची पातळी २५,३०० वरून खाली येऊन २५,१७० झाली. निफ्टी २५,२०० वर बंद झाला, तर जिथे नुसत्या कॉलवाल्याचे १०० गेले, तिथे तुम्हाला ३० रुपये सुटले.

मग यात गोम कुठे आहे? २५,४०० च्या वर निफ्टी जितका चढेल, तितकं तुमच्या घेतलेल्या कॉलवर मिळतं आणि तितकंच विकलेल्या कॉलवर द्यावं लागतं. त्यामुळे कमाई ४०० वर अडते. त्यातून १७० वजा केले, की जास्तीत जास्त नफा २३०. निफ्टी २६,००० वर गेला, तर नुसत्या कॉलवाला ७०० कमावतो आणि तुम्ही २३० वरच. थोडक्यात, चारशे अंकांपलीकडचा सगळा नफा तुम्ही १३० रुपयांना विकून टाकलेला असतो. तो स्वस्तात विकला की महाग, हे एका आकड्यावरून कळतं: विकलेल्या कॉलचा भाव अधिक मिळालेला प्रीमियम, म्हणजे २५,५३०. निफ्टी त्याच्या खाली कुठेही थांबला, तर स्प्रेड सरस. वर गेला, तर नुसता कॉल. महिन्याभरात २५,५३० ओलांडेल असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने स्प्रेडच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे.

काही जण आणखी एक हुशारी करतात. एक लॉट कॉलऐवजी तेवढ्याच पैशांत जवळजवळ दुप्पट स्प्रेड घेतात, आणि ‘माझी जोखीम कमी’ म्हणतात. निफ्टी जागचा हलला नाही, तर बुडणारी रक्कम जवळपास तीच!

स्प्रेड घेणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो निफ्टी लवकर वर गेला की. दोनच दिवसांत २५,४०० आले, तरी २३० दिसत नाहीत. १०० च्या आसपास दिसतात. दलालाची चूक नसते. विकलेल्या कॉलमध्ये उरलेल्या दिवसांची किंमत अजून शिल्लक असते, म्हणून दोन प्रीमियममधला फरक ४०० पर्यंत पोचलेला नसतो. पूर्ण नफा मुदत संपतानाच पदरात पडतो, तोही निफ्टी २५,४०० च्या वर टिकला तर.

या घाईत घेतलेला कॉल आधी विकून मोकळं होणं फार वाईट. मग विकलेला कॉल एकटा उरतो, दलाल लगेच मोठं मार्जिन मागतो, आणि १७० वर बांधलेल्या तोट्याला वरची सीमाच राहत नाही. म्हणून सौद्यात शिरताना आधी खरेदी, मग विक्री. बाहेर पडताना आधी विकलेला कॉल परत घ्यायचा, मग आपला विकायचा.

निफ्टीचा हिशोब रोखीत मिटतो. शेअर्सच्या ऑप्शनमध्ये मात्र ऑक्टोबर २०१९ पासून प्रत्यक्ष शेअर घ्यावे-द्यावे लागतात. शेअरचा शेवटचा भाव तुमच्या दोन कॉलच्या मधोमध अडकला, तर विकलेला कॉल संपतो, घेतलेला राहतो, आणि पूर्ण लॉटचे शेअर पैसे मोजून उचलावे लागतात. काही हजारांत घेतलेल्या स्प्रेडसाठी काही लाख उभे करायची पाळी येते. त्यामुळे शेअरवरचा स्प्रेड मुदतीच्या दिवसापर्यंत न नेता आधीच मिटवावा, मग थोडा नफा मागे राहिला तरी चालेल.